तारीख उलटून गेली. आता रेझ्युमे पाठवावा का?

निकालांच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो. जाहिरात हाती लागते, पद अगदी हवं तसं असतं आणि खाली पाहावं तर अर्जाची तारीख दोन दिवसांपूर्वीच होऊन गेलेली असते. मुलं म्हणतात, "जाऊ दे, आता काय उपयोग!" पालक म्हणतात, "अरे, विचारून तर बघ, विचारायला पैसे पडतात का?" दोघांचं म्हणणं अर्धं अर्धं बरोबर आहे. काही ठिकाणी विचारणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं असतं, तर काही ठिकाणी न विचारणं हेच नुकसान असतं. आपली जाहिरात यांपैकी कुठली, हे ओळखण्यासाठी आधी एकच गोष्ट पाहायची. ती तारीख कोणी ठरवली आहे आणि ती पुढे सरकवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

जिथे विचारू नये

सरकारी भरतीचं आधी उरकून टाकू. लोकसेवा आयोग, जिल्हा परिषद, महापालिका, सरकारी बँका, विद्यापीठं यांच्या जाहिरातीतली शेवटची तारीख एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसते. राज्यघटनेच्या १६व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली आहे. तारीख गेली म्हणून हजारो उमेदवार गप्प बसले आणि तुमचा एक अर्ज मात्र आत घेतला, तर त्या हजारोंवर अन्याय होतो. कोणीही न्यायालयात गेलं तर सगळी भरतीच अडकू शकते. शिवाय या तारखेवर आणखीही गोष्टी टांगलेल्या असतात. रेखा चतुर्वेदी विरुद्ध राजस्थान विद्यापीठ या १९९३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पात्रता मोजण्याची वेगळी तारीख जाहिरातीत दिली नसेल, तर अर्ज करण्याची शेवटची तारीखच त्यासाठी धरावी. म्हणजे तारीख एकट्यासाठी हलवायची, तर पात्रतेचा हिशोबही हलतो. त्यामुळे कार्यालयात जाऊन "साहेब, एकच दिवस झालाय" असं म्हणण्यात अर्थ नसतो. समोरच्याची इच्छा असली, तरी हो म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

तिथे विचारण्याऐवजी जाहिरात पुन्हा एकदा नीट वाचावी. ऑनलाइन अर्जाची तारीख आणि परीक्षा शुल्क भरण्याची तारीख कधी कधी वेगळी असते. अर्ज वेळेत सादर झाला असेल आणि फक्त शुल्क राहिलं असेल, तर मार्ग अजून मोकळा असू शकतो. पोस्टाने अर्ज मागवले असतील, तर अर्ज त्या तारखेपर्यंत 'पाठवायचा' आहे की 'पोहोचायला हवा', हे पाहावं. बहुतेक ठिकाणी पोहोचायला हवा असतो आणि टपालातल्या उशिराची जबाबदारी कार्यालय घेत नाही. पुढचे काही दिवस त्याच संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर शुद्धिपत्रक निघतं का, यावरही नजर ठेवावी. संकेतस्थळ बंद पडलं किंवा आरक्षणाच्या तक्त्यात बदल झाला, तर मुदतवाढ मिळू शकते. पण ती सर्वांना मिळते. "मागच्या तारखेने फॉर्म भरून देतो" म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला, तर तिथूनच परत फिरावं.

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलची तारीख

शेवटच्या वर्षाच्या मुलांची तारीख बहुतेक वेळा कंपनीने ठरवलेली नसते, ती कॉलेजच्या टीपीओंनी ठरवलेली असते. गुगल फॉर्म संध्याकाळी पाचला बंद होतो. मग त्यातली नावं, टक्के आणि बॅकलॉग एका एक्सेल शीटमध्ये उतरवले जातात आणि ती शीट कंपनीला जाते. शीट जाईपर्यंत नाव घालायचं की नाही, हे टीपीओंच्या हातात असतं. गेल्यावर ते कंपनीच्या हातात जातं. म्हणून इथे लांबलचक मेल लिहीत बसण्यापेक्षा लगेच जाऊन भेटावं आणि एकच विचारावं, "सर, यादी कंपनीला गेली का?" गेली नसेल, तर रोल नंबर आणि रेझ्युमे जवळ तयार हवा. गेली असेल, तर टीपीओंना वगळून कंपनीच्या एचआरला परस्पर मेल करू नये. कंपनी तो मेल बहुधा कॉलेजकडेच परत पाठवते आणि पुढच्या ड्राइव्हच्या वेळी ही गोष्ट लक्षात राहते.

खासगी कंपनीत तारखेनंतर काय घडतं?

विचारून फायदा होण्याची खरी शक्यता आहे ती खासगी नोकरीत, त्यातही मध्यम आकाराच्या कंपन्यांत. तिथली शेवटची तारीख म्हणजे एचआरने स्वतःच्या सोयीसाठी आखलेली रेघ असते. कधी तर तेवढंही नसतं. नोकरीच्या पोर्टलवरची जाहिरात ठरावीक दिवसांनी आपोआप उतरते आणि आपल्याला वाटतं, जागा भरली.

आत काय चाललेलं असतं, ते समजलं की कधी विचारायचं आणि काय विचारायचं, हे आपोआप कळतं. तारीख संपल्यावर एचआर आलेले रेझ्युमे चाळतं आणि त्यातले मोजके निवडून विभागप्रमुखाकडे पाठवतं. हा पहिला टप्पा. तो तारखेच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण होतो असं नाही, कारण एचआरच्या त्याच माणसाकडे हजेरी, पगार आणि आणखी चार जागांची भरती असते. या दिवसांत आलेला चांगला रेझ्युमे सहज त्या गठ्ठ्यात जातो. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

दुसरा टप्पा यादी विभागप्रमुखाकडे गेल्यावरचा. आता एचआर तुम्हाला आत घेईल, ते यादी तोकडी पडली तरच. विभागप्रमुख म्हणतो, "यातले दोनच कामाचे आहेत, अजून बघा." तसं झालं की उशिरा आलेला रेझ्युमे सर्वांत आधी उघडला जातो, कारण तो समोरच असतो.

तिसरा टप्पा मुलाखती होऊन कोणाला तरी ऑफर दिल्यानंतरचा. बाहेरच्याला वाटतं, संपलं. पण आपल्याकडे बहुधा एक ते तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. त्या काळात उमेदवार दुसरी ऑफर घेतो किंवा सध्याची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते आणि जागा पुन्हा उघडी पडते. अशा वेळी एचआर नवी जाहिरात देण्याआधी हाताशी असलेले रेझ्युमे पाहतं. माणूस रुजू झाला की चौथा टप्पा. ती जागा खरोखर संपली. रेझ्युमे राहिलाच तर पुढच्या जागेसाठी.

म्हणजे तारीख जाऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तर "माझा अर्ज यादीत घेता येईल का?" असं विचारणं रास्त आहे. दोन-तीन आठवडे झाले असतील, तर "आणखी उमेदवार पाहायचे ठरले, तर माझा विचार व्हावा," एवढंच म्हणावं. दोन महिन्यांनी त्या जागेचं नावही काढू नये. मग सरळ नव्या जागांबद्दल विचारावं.

मोठ्या कंपन्यांत गणित थोडं बदलतं. तिथे प्रत्येक जागेला संगणकात एक क्रमांक असतो आणि तो बंद केला की एचआरलाही नवा अर्ज जोडता येत नाही. म्हणून मेल करण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर जाऊन पाहावं. लिंक्डइनवर No longer accepting applications असं दिसत असलं, तरी कंपनीच्या पानावर अर्जाचं बटण चालू असू शकतं. चालू असेल, तर आधी तिथे अर्ज भरावा आणि मग त्याचा क्रमांक देऊन मेल करावा. ते पानही बंद असेल, तर तिथे काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला एवढंच विचारावं, "जागा अजून उघडी आहे का?" उघडी असेल, तर तो त्यांच्या रेफरल पद्धतीने नाव देऊ शकतो.

एक मेल, जवळून

एक उदाहरण घेऊ. सांगलीची एक मेकॅनिकल इंजिनीअर. कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात तिची चौदा महिन्यांची नोकरी झाली आहे. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला क्वालिटी इंजिनीअर हवा आहे. जाहिरातीत एक ते दोन वर्षांचा अनुभव मागितला आहे, सीएमएम मशीन हाताळता यायला हवं आणि पीपॅपची कागदपत्रं माहीत हवीत. अर्जाची तारीख शुक्रवारी संपली. तिने जाहिरात पाहिली सोमवारी संध्याकाळी.

तिच्या मनात पहिल्यांदा येतो तो मसुदा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे: "आदरणीय महोदय, घरी आई आजारी असल्यामुळे आणि नेट नसल्यामुळे मला आपली जाहिरात वेळेत पाहता आली नाही, त्याबद्दल मी मनापासून क्षमस्व आहे. मला नोकरीची नितांत गरज आहे. कृपया एक संधी द्यावी. आपली परवानगी असल्यास रेझ्युमे पाठवते." यात समोरच्याला हवं असलेलं काहीच नाही. ती कोणत्या जागेबद्दल बोलते आहे, तिला काय येतं, काहीच कळत नाही. वर रेझ्युमेसाठी एचआरने आधी उत्तर द्यायचं, मग तिने पाठवायचा आणि मग त्याने वाचायचा. कामात बुडालेला माणूस हा मेल बाजूला ठेवतो आणि तो तिथेच राहतो.

आता दुसरा मसुदा. प्रत्यक्षात तो सोप्या इंग्रजीत जाईल, आशय असा:

विषय: क्वालिटी इंजिनीअर, चाकण – मुदतीनंतरचा अर्ज – सीएमएम, पीपॅप, १५ दिवसांत रुजू

"महोदय, चाकण येथील क्वालिटी इंजिनीअर पदासाठी अर्ज करण्याची मुदत शुक्रवारी संपली, याची मला कल्पना आहे. उमेदवारांची यादी अजून तयार होत असल्यास माझा अर्ज विचारात घेता येईल का?

मी कुपवाड येथील मशीन शॉपमध्ये १४ महिने इनकमिंग व फायनल इन्स्पेक्शनचे काम करत आहे. सीएमएमवर प्रोग्रॅम मी स्वतः तयार करते. दोन ग्राहकांच्या पीपॅप फाइल तयार करण्यात माझा सहभाग होता. माझा नोटीस पिरियड १५ दिवसांचा आहे.

रेझ्युमे सोबत जोडला आहे. या पदासाठी आता शक्य नसल्यास पुढील जागेसाठी तो आपल्याकडे ठेवावा, ही विनंती."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस्स.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. मुदत संपल्याचं पहिल्याच वाक्यात आलं आहे. ते लपवून नेहमीसारखा अर्ज पाठवला, तर एचआरला वाटतं की हिने जाहिरात वाचलीच नाही. क्वालिटी विभागात तारखा आणि कागद पाहण्याचंच काम असतं, तिथे ही शंका महागात पडते. पण उशीर का झाला, याचं कारण दिलेलं नाही. कारण खरं असलं, तरी त्याने निर्णय बदलत नाही आणि समोरच्याला ते पडताळूनही पाहता येत नाही. त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: यादी अजून उघडी आहे का आणि हिचा रेझ्युमे उघडून बघण्यासारखा आहे का. पहिली त्याला माहीत असते, दुसरी मेलने सांगायची असते. म्हणून जाहिरातीत जे मागितलं होतं, नेमकं त्याचंच उत्तर मधल्या परिच्छेदात आहे. दहावीचे टक्के आणि छंद रेझ्युमेत राहिले.

नोटीस पिरियडचं वाक्य छोटं आहे, पण उशिरा येणाऱ्यासाठी ते फार मोलाचं आहे. यादीतल्या इतरांना रुजू व्हायला दोन-तीन महिने लागणार असतील, तर पंधरा दिवसांत येऊ शकणाऱ्या मुलीने तीन दिवस उशिरा अर्ज केला, हे कोणी मनात धरत नाही. मात्र हा आकडा नियुक्तिपत्रात पाहूनच लिहावा. लगेच येते म्हणून सांगितलं आणि नंतर कंपनी सोडेना, तर दोन्हीकडे शब्द जातो.

रेझ्युमे मेललाच जोडलेला असावा. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्यावं. 'न्यू रेझ्युमे फायनल २' अशा नावाची फाइल एचआरच्या फोल्डरमध्ये गेली, की ती कोणाची हे पुन्हा शोधावं लागतं. मेल जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावरच पाठवावा. जाहिरात एखाद्या कन्सल्टन्सीची असेल, तर त्या कन्सल्टन्सीकडे. एकाच वेळी एचआर, कारखान्याचे मॅनेजर आणि मालक अशा सगळ्यांना पाठवला, की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. आणि हे सगळं सोमवारी रात्रीच करावं. रेझ्युमे सुधारून पाठवू म्हणून गुरुवार उजाडला, तर पहिला टप्पा संपलेला असू शकतो.

एक प्रसंग मात्र याहून वेगळा आहे. अर्ज वेळेत भरत असताना पोर्टल अडलं, ओटीपी आला नाही किंवा शुल्क कापलं गेलं पण अर्ज सादर झाला नाही. तिथे विनंती नव्हे, तक्रार करायची असते. तारीख आणि वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि दोन ओळींत काय झालं, एवढं जोडून मदत कक्षाला त्याच दिवशी कळवावं. हे सरकारी भरतीतही लागू आहे. पण पुरावा नसताना "सर्व्हर डाउन होता" असं लिहू नये. आपल्या संगणक प्रणालीत त्या वेळी काय चाललं होतं, ते संस्थेला बघता येतं.

उत्तर आलं तर, न आलं तर

"रेझ्युमे मिळाला, पाहतो," एवढंच उत्तर आलं, तर ते हो नाही आणि नाहीही नाही. रेझ्युमे गठ्ठ्यात गेला, इतकाच त्याचा अर्थ. "शॉर्टलिस्टिंग पूर्ण झालं आहे," असं आलं, तर दुसरा टप्पा सुरू आहे. आभार मानून, गरज पडल्यास पंधरा दिवसांत उपलब्ध आहे, एवढं एका ओळीत लिहावं. "पद होल्डवर आहे," असं आलं, तर जागेची मंजुरीच थांबलेली असते. तुमच्या उशिराचा त्याच्याशी संबंध नाही. "मुदतीनंतरचे अर्ज घेत नाही," असं स्पष्ट आलं, की तिथे थांबावं. "पण सर, माझा अनुभव..." असं पुन्हा लिहिलं, तर पुढच्या जागेसाठीही दार बंद होतं.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? बहुतेक वेळा हेच होतं. कामाचे पाच दिवस जाऊ द्यावेत आणि मग त्याच मेलखाली दोन ओळींची एकच आठवण पाठवावी. त्यानंतर गप्प बसावं. जाहिरातीत फोन नंबर दिला असेल, तरच फोन करावा, तोही दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा कामाचे तास संपल्यावर नाही. फोनवर आपली कहाणी सांगण्याऐवजी इतकंच विचारावं: "क्वालिटी इंजिनीअरच्या जागेसाठी अजून रेझ्युमे घेताय का?" उत्तर तीस सेकंदांत मिळतं.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. काही कंपन्यांकडे एका जागेसाठी इतके अर्ज येतात, की तारीख हीच पहिली चाळणी असते. फ्रेशरच्या भरतीत हे जास्त दिसतं. तिथे सर्वांचा अनुभव शून्य असतो, त्यामुळे उशिरा आलेल्या एकासाठी गठ्ठा पुन्हा उघडण्याचं कारण एचआरला सापडत नाही. अनुभव नेमका जुळणारा असेल, किंवा असं कौशल्य असेल जे सहज मिळत नाही, तेव्हाच उशिराच्या अर्जाला वजन येतं. फ्रेशरने मेल जरूर करावा. पण त्याच संध्याकाळी तारीख न संपलेल्या दुसऱ्या जागांचे अर्जही भरावेत.

पालकांसाठी

मुलीची किंवा मुलाची संधी हुकताना पाहून आईवडिलांचा जीव वर-खाली होतो आणि पहिला हात फोनकडे जातो. कंपनीला पालकांनी फोन करू नये. एचआरला त्यातून एवढंच कळतं, की उमेदवार स्वतः विचारू शकत नाही. ओळखीच्या माणसाकडून "साहेबांना जरा सांगा" असा निरोप धाडला, तर साहेब एचआरला सांगतात, एचआर तो रेझ्युमे नाइलाजाने यादीत घालतं आणि मुलाखतीत उमेदवाराकडे त्याच नजरेने पाहिलं जातं. ओळखीचा उपयोग करायचाच, तर माहितीसाठी करावा: जागा उघडी आहे का, मेल नेमका कोणाला पाठवायचा.

घरात करण्यासारखं एक काम मात्र पालकांना नक्की करता येतं. मेल जाण्यापूर्वी तो मोठ्याने वाचायला सांगावा आणि तीन गोष्टी कानाने तपासाव्यात. पदाचं नाव पहिल्या वाक्यात आलं का? जाहिरातीत मागितलेल्या किमान दोन गोष्टींचं उत्तर त्यात आहे का? आणि विनवणीचं एखादं वाक्य राहून गेलंय का? ते वाक्य काढून टाका, फाइल जोडली आहे का पाहा आणि मेल आजच जाऊ द्या.